प्रौढांची दैनिक उष्मांक-गरज : गणिताची रीत आणि त्यातील चुका

इयत्ता सातवी-आठवीच्या वर्गात आहारशास्त्राचा पाठ आला की एक उदाहरण हटकून फळ्यावर येते. अमुक वजनाच्या, अमुक वयाच्या स्त्रीला दिवसाला किती उष्मांकांचा आहार लागेल? विद्यार्थी सूत्र पाठ करतात, वजन घालतात, गुणाकार करतात आणि उत्तर काढतात. उत्तर पुस्तकाशी जुळले म्हणजे गणित बरोबर, असे समजले जाते. परंतु हेच गणित गावातील एखाद्या खऱ्या माणसास लावून पाहिले, तर उत्तरात हजार उष्मांकांपर्यंत तफावत पडू शकते, आणि ती गुणाकाराच्या चुकीने नव्हे, तर माणसाचा दिवस न पाहता त्याला एक नाव देऊन मोकळे झाल्याने पडते. ही तफावत कशी पडते, हे येथे पनवेल तालुक्यातील कोन या गावाच्या परिसरातील दोन कल्पित उदाहरणांवरून पाहावयाचे आहे. एक उदाहरण भातलावणीस जाणाऱ्या स्त्रीचे आहे व दुसरे निवृत्त गिरणी कामगाराचे.

प्रथम शब्द निश्चित करावेत. आहारशास्त्रात ‘उष्मांक’ म्हणजे किलोकॅलरी. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता. पदार्थविज्ञानातील कॅलरी हिच्या एक हजारांश असते. वरच्या वर्गातील मुले दोन्ही पुस्तके उघडून गोंधळतात, म्हणून हा भेद आधीच सांगून टाकणे बरे.

माणूस निजून राहिला तरी त्याचे हृदय चालते, श्वास चालतो, शरीराची ऊब टिकते, मूत्रपिंडे व यकृत आपापली कामे करीत राहतात. या अटळ कामांसाठी जो खर्च होतो त्यास मूलभूत चयापचय म्हणतात. तो मोजण्याच्या अटी काटेकोर आहेत. माणूस जागा असावा परंतु निश्चल पडलेला असावा, त्याने सुमारे बारा तास काही खाल्लेले नसावे, खोली फार थंड वा फार उष्ण नसावी, आणि मनास उद्वेग नसावा. अशा स्थितीत शरीर किती प्राणवायू वापरते हे मोजतात. एक लिटर प्राणवायू वापरला गेला की सुमारे ४.८ उष्मांक खर्च झाले असे धरतात. ज्याचा मूलभूत खर्च दिवसाला १,१२० उष्मांक आहे, असे माणूस निजलेल्या स्थितीत मिनिटास सुमारे १६२ मिलिलिटर प्राणवायू घेत असते. वर्गात एवढा एक आकडा सांगितला तरी सूत्राच्या मागे खरीखुरी मोजणी आहे हे मुलांच्या ध्यानात येते.

शाळेत प्राणवायू मोजता येत नाही, म्हणून वजनावरून अंदाज देणारी सूत्रे वापरतात. यातील आरंभीची सूत्रे पाश्चात्त्य लोकांच्या मोजणीवर बसविलेली होती. बोस्टन येथील हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचे सूत्र १९१९ सालचे आहे. भारतीयांस ते जसेच्या तसे लावले की उत्तर जास्त येते. १९३९ साली नियोगी, पटवर्धन आणि मॉर्डेकाय यांनी मुंबईतील लोकांच्या मूलभूत चयापचयावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी पटवर्धन हे पुढे कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस आली व १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या सूत्रांत जागतिक सूत्रांतील आकडे सुमारे पाच टक्क्यांनी उतरवून घेतले. परिषदेच्या २०१० च्या अहवालातील, शिकविण्यास सोयीची ती सूत्रे पुढीलप्रमाणे आहेत. वजन किलोग्रॅममध्ये घ्यावयाचे, उत्तर दिवसाच्या उष्मांकांत येते.

पुरुष, वय १८ ते ३० : (१४.५ × वजन) + ६४५
पुरुष, वय ३० ते ६० : (१०.९ × वजन) + ८३३
पुरुष, वय ६० च्या पुढे : (१२.८ × वजन) + ४६३
स्त्री, वय १८ ते ३० : (१४.० × वजन) + ४७१
स्त्री, वय ३० ते ६० : (८.३ × वजन) + ७८८
स्त्री, वय ६० च्या पुढे : (१०.० × वजन) + ५६५

आता मुख्य प्रश्न. मूलभूत खर्चावरून दिवसाच्या एकूण खर्चावर कसे यावयाचे? येथे दोन प्रकारचे गुणक वापरात आहेत आणि बहुतेक चुका त्यांच्या सरमिसळीने होतात. पहिला गुणक एखाद्या कामाच्या एका तासाचा. झोपेचा तासगुणक १ आहे, स्वयंपाकाचा २.१ आहे, म्हणजे चुलीपाशी घालविलेला एक तास निजून घालविलेल्या २.१ तासांइतका खर्च करतो. दुसरा गुणक संपूर्ण दिवसाचा, चोवीस तासांची सरासरी घेऊन काढलेला. २०१० च्या अहवालात हलक्या कामाच्या माणसासाठी १.५३, मध्यम कामासाठी १.८ आणि जड कामासाठी २.३ असे दिवसगुणक दिले आहेत.

हे दिवसगुणक आकाशातून पडलेले नाहीत. दिवसाचे आठ-आठ तासांचे तीन भाग करावेत. आठ तास झोप, गुणक १. आठ तास घरची व इतर कामे, गुणक २.१. उरलेले आठ तास पोटापाण्याचे काम. हलके असल्यास १.५, मध्यम असल्यास २.३, जड असल्यास ३.८. तिन्हींची सरासरी काढली की अनुक्रमे १.५३, १.८ व २.३ येतात. विद्यार्थ्यांकडून हे एकदा करवून घ्यावे. मग जड काम करणाऱ्याच्या मूलभूत दरास एकदम ३.८ ने गुणणारा विद्यार्थी काय चूक करीत आहे, हे त्याचे त्यासच कळते. तो त्या माणसास चोवीस तास कुदळ मारावयास लावीत असतो.

आता पहिले उदाहरण. कोनजवळच्या एका शेतकरी कुटुंबातील स्त्री घेऊ. वय ३४ वर्षे, वजन ४० किलोग्रॅम, उंची १५० सेंटिमीटर. उदाहरणसंग्रहांत अशा स्त्रीच्या पुढे सहसा ‘गृहिणी, हलके काम’ असे लिहिलेले आढळते. तसे धरून गणित करू. मूलभूत खर्च (८.३ × ४०) + ७८८ = ३३२ + ७८८ = १,१२०. त्यास १.५३ ने गुणले की १,७१४. पुस्तकी उत्तर झाले.

आता तिचा आषाढातील दिवस पाहू. पनवेलच्या खाचरांत पाऊस धरला की आवणी सुरू होते. त्या दिवसांत तिचे चोवीस तास कसे जातात ते तासांप्रमाणे लिहून काढू, आणि प्रत्येकासमोर तासगुणक मांडू. हे गुणक जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीच्या २००४ च्या अहवालातील आहेत.

झोप : ७ तास × १.० = ७.०
आवणी : ७ तास × ४.१ = २८.७
धुणे, झाडलोट व इतर घरकाम : ३ तास × २.८ = ८.४
स्वयंपाक : २ तास × २.१ = ४.२
शेतावर जाणे-येणे : १ तास × ३.२ = ३.२
अंघोळ, वेणीफणी : १ तास × २.३ = २.३
जेवण : १ तास × १.५ = १.५
बसणे, बोलणे : २ तास × १.४ = २.८

तासांची बेरीज २४ येते की नाही हे प्रथम पाहावे. ती २३ किंवा २५ आली तर पुढचे सारे व्यर्थ. गुणाकारांची बेरीज ५८.१ येते. या आकड्याचा अर्थ मुलांना शब्दांत सांगावा : या स्त्रीने चोवीस तासांत जेवढा खर्च केला, तेवढा निश्चल पडून करण्यास तिला ५८ तासांहून अधिक काळ लागला असता. ५८.१ ला २४ ने भागल्यास २.४२ हा तिचा त्या दिवसाचा दिवसगुणक मिळतो, आणि १,१२० ला त्याने गुणले की सुमारे २,७१०.

१,७१४ आणि २,७१०. माणूस एकच, वजन एकच, सूत्रही एकच. फरक सुमारे एक हजार उष्मांकांचा. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ३५० उष्मांक धरले तर हा फरक २८५ ग्रॅम तांदळाचा होतो, म्हणजे एका माणसाच्या दोन वेळच्या भाताच्या जवळपास. ‘गृहिणी’ या एका शब्दाने एवढा तांदूळ तिच्या ताटातून काढून घेतला.

आवणी वर्षभर नसते, असा आक्षेप येथे योग्य आहे. म्हणून तिचा उन्हाळ्यातील दिवसही मांडून पाहावा. आवणीचे सात तास काढून त्यांपैकी तीन तास घरकामास (२.८) व चार तास बसून करावयाच्या हलक्या कामास (१.४) द्यावेत, बाकी सारे तसेच ठेवावे. बेरीज ४३.४ येते, दिवसगुणक १.८१, आणि गरज सुमारे २,०२५ उष्मांक. म्हणजे शेताकडे फक्त फेरफटका मारून आलेल्या दिवशीसुद्धा ही स्त्री हलक्या कामाच्या कोष्टकात बसत नाही. ती मध्यम कामाच्या कोष्टकात बसते. हंडा उचलणे, कपडे आपटणे, अंगण झाडणे यांना ‘काम’ न समजण्याची सवय गणितात शिरली की असे होते.

आवणीच्या २.४२ या गुणकाकडे आणखी एका दृष्टीने पाहावयास हवे. त्याच २००४ च्या अहवालानुसार दीर्घकाळ टिकणारे दिवसगुणक साधारणतः १.४ ते २.४ या मर्यादेत असतात. २.४ च्या वर माणूस काही दिवस जाऊ शकतो, महिनोन्महिने नाही. समजा, या स्त्रीच्या घरात पावसाळ्यात धान्य बेताचे आहे आणि ती उन्हाळ्याइतकेच, म्हणजे २,०२५ उष्मांकच खात राहिली. रोज सुमारे ६८५ उष्मांकांची तूट पडली. पंचवीस दिवसांत ती १७,००० च्या पुढे जाते. एक किलोग्रॅम चरबीयुक्त पेशीजाल झिजले की सुमारे ७,७०० उष्मांक मिळतात, तेव्हा कागदावर तिचे वजन दोन किलोग्रॅमांहून अधिक घटावयास हवे. प्रत्यक्षात घट काहीशी कमी दिसते, कारण अपुरे खाणारा माणूस नकळत हात सावकाश चालवितो, बांधावर अधिक वेळ बसतो, घरी आल्यावर पडून राहतो. तुटीची पहिली खूण वजनकाट्यावर नव्हे, तर अशा मंदावलेल्या हालचालीत दिसते. आणि तिलाच पुष्कळदा आळस म्हटले जाते.

वजनाविषयीही एक अडचण आहे. उंचीच्या मीटरांचा वर्ग २.२५ होतो, ४० ला त्याने भागले की १७.८ येतात. ही संख्या १८.५ च्या खाली असली की प्रौढ माणूस कृश समजतात. कृश माणसाचे आहे तेच वजन सूत्रात घातले, तर उत्तर तिला कृश ठेवण्यापुरतेच अन्न देते. म्हणून अशा वेळी उंचीस साजेसे वजन धरून दुसरे उत्तर काढावे. २१ ही संख्या धरल्यास वजन ४७ किलोग्रॅम येते. मूलभूत खर्च (८.३ × ४७) + ७८८ = १,१७८, आणि आवणीच्या दिवसाची गरज सुमारे २,८५०. पहिल्या उत्तराहून १४० अधिक.

हे १४० ध्यानात ठेवून आवणीच्या सात तासांकडे परत यावे. त्या सातांपैकी एक तास जर बांधावर बसून चहा पिण्यात गेला असेल, तर ४.१ च्या जागी १.४ येतो, आणि उत्तर सुमारे १२५ उष्मांकांनी उतरते. अर्थात तासांच्या नोंदीत एका तासाची चूक ही वजनात सात किलोग्रॅमांची चूक करण्याजोगी आहे. विद्यार्थी वजन दशांशापर्यंत विचारतात आणि तास मात्र अंदाजाने भरतात. शिक्षकांनी हा क्रम उलटवावा. विचारावयाचे ते असे : किती वाजता घर सोडले, किती वाजता वाकून लावायला लागल्या, मध्ये किती वेळा आणि किती वेळ थांबल्या. ‘दिवसभर शेतात’ हे उत्तर गणितास उपयोगी नाही.

सूत्राला स्वतःचीही मर्यादा आहे. ते समूहाची सरासरी सांगते. एकाच वयाच्या व वजनाच्या दोन स्त्रियांत मूलभूत दर दहा टक्क्यांनी इकडेतिकडे सहज असू शकतो, कारण एकीच्या वजनात स्नायू अधिक, दुसरीच्या वजनात चरबी अधिक. दहा टक्के म्हणजे येथे ११२ उष्मांक, आणि २.४२ ने गुणल्यावर सुमारे २७०. तेव्हा ‘२७११.३’ असे उत्तर लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत, पण ते खोडून ‘सुमारे २,७००’ असे लिहावयास सांगावे. या गणितावरून गावातील एखाद्या व्यक्तीला ‘तुम्ही इतके ग्रॅम खा’ असे सांगणे युक्त नाही; पन्नास-शंभर माणसांस किती धान्य लागेल याचा अंदाज करण्यास मात्र ते उत्तम आहे.

दुसरे उदाहरण वयाच्या स्तंभाचे आहे. कोन येथे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने बांधलेली घरे गिरणी कामगारांना देण्यासाठी म्हाडाने २०१६ साली सोडत काढली. अशा एका कामगाराचा विचार करू. १९८२ च्या संपावेळी तो २५ वर्षांचा होता. वजन ५८ किलोग्रॅम. मूलभूत खर्च (१४.५ × ५८) + ६४५ = १,४८६. साच्यावर उभे राहण्याचे काम मध्यम धरले तर १.८ ने गुणून सुमारे २,६७५ उष्मांक. आज तो ६८ वर्षांचा आहे. वजन तेच आहे असे समजू. बहुतेक वेळ तो बसून असतो. आता सूत्र बदलते : (१२.८ × ५८) + ४६३ = १,२०५. त्यास १.५३ ने गुणून सुमारे १,८४५.

येथे नेहमीची चूक ही की, विद्यार्थी काम ‘हलके’ करतात पण वयाची ओळ बदलावयास विसरतात. मग १,४८६ ला १.५३ ने गुणून २,२७५ येतात. रोज ४३० उष्मांक जास्त. वृद्धाचे वजन तेच असले तरी त्या वजनातील स्नायूंचा वाटा घटलेला असतो आणि चरबीचा वाढलेला. चरबीस प्राणवायू थोडा लागतो. काट्यावरचा आकडा न बदलता मूलभूत दर उतरतो तो यामुळे.

आता जुने-नवे कोष्टक. ज्या शाळांत २०१० आणि २०२० या दोन्ही अहवालांवर आधारलेली पुस्तके आहेत, तेथे मुले एक विसंगती दाखवितात. २०१० मध्ये प्रमाण पुरुषाचे वजन ६० किलोग्रॅम व हलक्या कामासाठी गरज २,३२० उष्मांक. २०२० मध्ये वजन ६५ किलोग्रॅम, आणि गरज मात्र २,११०. वजन वाढले आणि गरज घटली कशी? यात छापण्याची चूक नाही. २०२० मध्ये हलक्या कामाचा दिवसगुणक १.५३ वरून १.४ वर आणला गेला, कारण बैठे काम करणाऱ्याचा उरलेला वेळही आता पूर्वीइतका हालचालीचा राहिलेला नाही. शिवाय २,११० ला १.४ ने भागल्यास १,५०७ येतात, उलट जुन्या सूत्राने ६५ किलोग्रॅमच्या तरुणाचा मूलभूत खर्च (१४.५ × ६५) + ६४५ = सुमारे १,५८८ होतो. म्हणजे मूलभूत दराचा अंदाजही खाली आला आहे. स्त्रीचे प्रमाण वजन दोन्ही अहवालांत ५५ किलोग्रॅमच आहे, परंतु हलक्या कामासाठी गरज १,९०० वरून १,६६० झाली. मध्यम व जड कामाचे दिवसगुणक, १.८ आणि २.३, मात्र तेच राहिले. म्हणून वर्गात कोणता अहवाल धरला हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे, आणि एकाचे सूत्र व दुसऱ्याचा गुणक असा संकर करू नये. उपरोक्त गिरणी कामगाराचे १,२०५ हे जुन्या सूत्राचे आहेत, त्यांस १.४ ने गुणून १,६८७ काढणे हा नेमका असा संकर होय.

गर्भवती व स्तनदा स्त्रियांचे उदाहरण आल्यास वाढीव उष्मांक शेवटी मिळवावयाचे असतात. गर्भारपणात ३५०, आणि बाळंतपणानंतर पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या मातेस ६००. काही विद्यार्थी हे आकडे मूलभूत खर्चात मिळवून मग गुणाकार करतात. १,१२० मध्ये ३५० मिळवून १.८ ने गुणल्यास २,६४६ येतात; योग्य रीतीने १,१२० × १.८ = २,०१६ व त्यात ३५० मिळवून २,३६६. गर्भासाठी लागणारे अन्न आई कुदळ मारते की बसून राहते यावरून दुप्पट-तिप्पट होत नाही.

वर्गात सोडवून घेण्यास पुढील उदाहरण द्यावे. वय २६, वजन ५० किलोग्रॅम, रसायनीच्या कारखान्यात उभ्याने वेष्टनाचे काम करणारी स्त्री. झोप ७ तास (१.०), कारखान्यातील काम ८ तास (२.३), चालणे १ तास (३.२), स्वयंपाक २ तास (२.१), घरकाम २ तास (२.८), अंघोळ १ तास (२.३), जेवण १ तास (१.५), बसणे २ तास (१.४). मूलभूत खर्च १,१७१, गुणाकारांची बेरीज ४५, दिवसगुणक १.८७५ आणि गरज सुमारे २,२०० उष्मांक. हे उत्तर आल्यावर बसण्याचे दोन तास काढून तेथे आणखी दोन तास घरकाम घालण्यास सांगावे, म्हणजे घरी मदतीला कोणी नसल्याचे मोल १३५ उष्मांकांच्या आसपास येते की नाही, हे मुले स्वतः पडताळून पाहतील.